मुदतीच्या आत: फॉर्म 16 वर टॅक्स शून्य असला तरी

नमस्कार श्रोतेहो. गोष्ट 2025 सालच्या गणपतीतली. पोळा झाला होता, गणपती बसले होते, शेतात कपाशीला पात्या धरल्या होत्या आणि माझ्याकडे तालुक्याच्या गावी रिटर्न भरायला येणाऱ्यांची गर्दी वाढली होती. मी कॉमर्सचा पदवीधर. नोकरदारांचे आणि लहान दुकानदारांचे रिटर्न भरून देणं हा माझा व्यवसाय. त्या दिवसांत बसल्याबसल्या प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात ना भाऊ, मग मला काय भरायचं?" आज त्याबद्दलच बोलतो.

बारा लाखांची घोषणा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीच्या बजेटमध्ये झाली, हे खरं. पण ती लागू होते 1 एप्रिल 2025 पासून मिळणाऱ्या कमाईला. आपण तेव्हा जो रिटर्न भरत होतो तो त्याआधीच्या वर्षाचा, म्हणजे एप्रिल 2024 ते मार्च 2025 चा. टॅक्स मोजायच्या जुनी आणि नवीन अशा दोन पद्धती आहेत, आणि त्या वर्षासाठी नवीन पद्धतीत मर्यादा होती सात लाखांची. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी पगार पावणेआठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी काहीच कमाई नसेल, तर टॅक्स शून्य. मी मुद्दाम म्हणतो, दुसरी काहीच कमाई नसेल तर. गडबड तिथंच होते.

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंची गोष्ट घ्या. ते यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. वर्षाचा पगार 7 लाख 60 हजार. त्यातून 75 हजार वजा केले की उरतात 6 लाख 85 हजार. सात लाखांच्या आत, म्हणून कंपनीने एक रुपयाही कापला नाही आणि कंपनी पगाराचा जो दाखला देते त्या फॉर्म 16 वर टॅक्स शून्य आला. पण त्यांनी मुलीच्या लग्नासाठी सहा लाखांची एफडी ठेवली होती. सात टक्के दराने तिचं वर्षाचं व्याज झालं 42 हजार. त्या वर्षी व्याज 40 हजारांच्या वर गेलं की बँक दहा टक्के कापत होती, म्हणून बँकेने 4 हजार 200 रुपये कापले. भाऊ आले ते हे 4 हजार 200 परत मागायला.

आता हिशोब ऐका. 6 लाख 85 हजारांत व्याजाचे 42 हजार मिळवले की उत्पन्न होतं 7 लाख 27 हजार. सात लाखांची रेषा ओलांडली, म्हणजे सूट गेली. आणि सूट गेली म्हणजे फक्त वरच्या 27 हजारांवर टॅक्स लागतो असं नाही, तीन लाखांपासून पुढचा सगळा हिशोब सुरू होतो. तीन ते सात लाख या टप्प्याचे पाच टक्क्यांनी 20 हजार, वरच्या 27 हजारांचे दहा टक्क्यांनी 2 हजार 700, आणि त्यावर चार टक्के सेस. एकूण 23 हजार 608 रुपये. व्याज मिळालं 42 हजार, टॅक्स आला 23 हजार 608. बँकेने कापलेले 4 हजार 200 वजा केले तरी 19 हजार 408 भरायचे. अग्रिम कर भरला नाही म्हणून त्यावर व्याज पुन्हा वेगळं. भाऊंचा चेहरा पडला. मला दरवर्षी असे लोक भेटतात, आणि यात त्यांची काही लबाडी नसते. फॉर्म 16 हा फक्त कंपनीला माहीत असलेला हिशोब असतो, एफडीचं तिला काही ठाऊक नसतं.

हे आधीच कळायचं असेल तर incometax.gov.in या सरकारी साइटवर आपल्या पॅन नंबरने लॉगिन करा आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीचं पत्रक उघडा. बँकांनी तुमच्या पॅनवर कळवलेलं व्याज त्यात दिसतं. फॉर्म 16 शेजारी ठेवा. एआयएसमध्ये जे आहे आणि फॉर्म 16 मध्ये नाही, ते तुम्हाला रिटर्नमध्ये घालावंच लागेल. याच्या उलट बाजूही आहे. गावातल्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये दिसलं नाही, म्हणून ते माफ झालं असं होत नाही. पासबुक काढून बसा आणि ते आपण होऊन लिहा.

भाऊंच्या बाबतीत मात्र मार्ग निघाला. त्यांनी दारव्ह्यात कर्ज काढून घर घेतलं आहे आणि त्याच घरात राहतात. गृहकर्जाचं वर्षाचं व्याज 1 लाख 5 हजार. शिवाय पीएफ 48 हजार, कर्जाची मुद्दल 72 हजार आणि विम्याचा हप्ता 30 हजार, असे 80 सी या कलमातल्या वजावटीचे पूर्ण दीड लाख. नवीन पद्धतीत यातलं काहीच वजा होत नाही. जुन्या पद्धतीत होतं. तिथे प्रमाणित वजावट 50 हजारच आहे, पण व्यवसाय कराचे 2 हजार 500 वजा होतात. मग 7 लाख 60 हजारांतून 52 हजार 500 गेले, एफडीचे 42 हजार आले, गृहकर्जाचं व्याज गेलं, 80 सीचे दीड लाख गेले. उरले 4 लाख 94 हजार 500. जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या आत उत्पन्न असलं की टॅक्स पूर्ण माफ होतो. म्हणजे शून्य टॅक्स, आणि 4 हजार 200 परत.

गृहकर्ज नसतं तर हेच गणित फिरलं असतं. व्याजाबरोबर मुद्दलीचीही वजावट गेली असती, जुन्या पद्धतीत उत्पन्न पावणेसात लाखांच्या जवळ गेलं असतं आणि टॅक्स नवीन पद्धतीपेक्षा जास्त आला असता. म्हणून शेजाऱ्याने कोणती पद्धत घेतली ते विचारू नका. दोन्ही हिशोब स्वतःचे करा.

कंपनीत वर्षाच्या सुरुवातीला काही सांगितलं नाही की नवीन पद्धत आपोआप धरली जाते. पण पगारदाराला रिटर्न भरताना ती बदलता येते. रिटर्नच्या फॉर्ममध्ये सुरुवातीलाच प्रश्न असतो, नवीन पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का. तिथे आधीच 'नो' निवडलेलं असतं, ते 'येस' करायचं. बस एवढंच. पण ही निवड मुदतीच्या आतच करता येते. 2025 मध्ये 31 जुलैची तारीख वाढवून आधी 15 आणि शेवटी 16 सप्टेंबर केली होती. त्यानंतर भाऊंनी रिटर्न भरला असता तर पाच हजारांचा उशीर-दंड तर लागलाच असता, पण खरा फटका वेगळा होता. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत घेताच येत नाही. म्हणजे 23 हजार 608 चा टॅक्स कायम राहिला असता. दंडाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ही फार थोड्यांना माहीत आहे.

अजून एक अडचण इथेच लपलेली आहे. रिटर्न अपलोड केला म्हणजे काम संपलं, असं नाही. तीस दिवसांच्या आत तो आधारच्या ओटीपीने किंवा नेटबँकिंगने पडताळावा लागतो. तीस दिवसांनंतर पडताळला तर रिटर्न पडताळणीच्या दिवशी भरला असं धरतात. समजा त्या वर्षी सायबर कॅफेवाल्याने 10 ऑगस्टला रिटर्न टाकला आणि ओटीपी आलाच नाही, कारण आधारला जुना मोबाईल नंबर जोडलेला आहे. तुम्ही नंबर बदलून 20 सप्टेंबरला पडताळला, तर तो उशिराचा रिटर्न ठरतो आणि जुनी पद्धत हातची जाते. पावतीवर पडताळणी झाल्याचं लिहिलं आहे का, ते आजच बघा.

आणि हे ऐकून कोणी दलालाकडे जाऊन "माझंही गृहकर्ज दाखवा" म्हणू नका. 2025 च्या फॉर्ममध्ये कर्ज कोणत्या बँकेचं, खातं क्रमांक काय, कधी मंजूर झालं, हे सगळं भरावं लागत होतं. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढणाऱ्यांवर आयकर विभागाने 14 जुलै 2025 ला देशभर कारवाई केली. रिफंडच्या टक्केवारीवर काम करणारा दलाल पैसे घेऊन मोकळा होतो, नोटीस मात्र तुमच्या पॅनवर येते.

दुकानदारांसाठी आता थोडं. गावातल्या एका किराणा दुकानाची वर्षाची विक्री 22 लाख. त्यातले नऊ लाख क्यूआर कोडवरून खात्यात आले, तेरा लाख रोखीचे. कलम 44 एडीप्रमाणे खात्यात आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के नफा दाखवायचा. म्हणजे 54 हजार आणि 1 लाख 4 हजार, मिळून 1 लाख 58 हजार. पण हा आकडा कमीत कमीचा आहे. त्या दादांच्या वहीप्रमाणे खरा नफा 2 लाख 10 हजार होता, म्हणून आम्ही तोच लिहिला. तीन लाखांच्या आत असल्याने टॅक्स लागला नाही. मात्र बँकेत कर्ज मागायला गेलं की मागच्या वर्षांचे रिटर्न मागतात, म्हणून ते भरतात.

त्यांच्या खात्याचा उतारा पाहिला तर जमा रक्कम 22 लाखांपेक्षा बरीच जास्त दिसत होती. कारण कापसाचे चुकारे आणि पीककर्जही त्याच खात्यात आलं होतं. आमच्या भागात हे घरोघरी असतं. कापसाचे पैसे दुकानाच्या विक्रीत धरायचे नाहीत, पण लपवायचेही नाहीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी ते वर्षाला पाच हजारांच्या वर गेलं की दुकानदाराला आयटीआर-4 हा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. पगारदाराला आयटीआर-1 ऐवजी आयटीआर-2. वेळ वाचवायला कित्येक जण शेतीचा रकाना रिकामा ठेवून छोटाच फॉर्म टाकतात. सातबारा तुमच्या नावावर आहे आणि पीएम किसानचा हप्ता खात्यात येतो आहे, तेव्हा शेती नाही असं कागदावर लिहून कसं चालेल? शेतीची विक्री, खर्च आणि उरलेली रक्कम वहीत ठेवा, फॉर्ममध्ये तीच लागते. त्या वर्षासाठी दुसरं उत्पन्न तीन लाखांच्या वर असेल तर शेतीच्या आकड्याने टॅक्सचा दरही बदलतो, तेवढं लक्षात असू द्या.

या दादांना भीती होती की रिटर्न भरला तर पीएम किसान बंद होईल. त्या योजनेचा नियम, मागच्या कर निर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला ते अपात्र, असा आहे. शून्य टॅक्सचा रिटर्न भरणं म्हणजे आयकर भरणं नाही. पण कर्ज मोठं मिळावं म्हणून कोणी नफा फुगवून दाखवला आणि त्यावर टॅक्स भरावा लागला, तर मात्र पीएम किसान जाईल.

 मुदतीच्या शेवटच्या दिवसांत साइटवर गर्दी होते, ओटीपी उशिरा येतात. फॉर्म 16, पासबुकं, गृहकर्जाचा बँकेचा दाखला आणि आधारला जोडलेला मोबाईल, एवढं घेऊन त्याआधीच बसा. नमस्कार.