दोन तासांची मशीन आणि पाच महिन्यांचा उशीर

(टीबी लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणि डीएमएलटीच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'स्लाइड की सीबीनॅट: वेग आणि औषधांना रेझिस्टन्स', आणि मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं हारतुऱ्यात गेली, तेव्हा लगेच सुरू करतो.

आधी हात वर करा, थुंकीत टीबीचे जंतू शोधायला स्लाइड जास्त फास्ट की सीबीनॅटची मशीन? बघा, सगळे मशीन म्हणतायत. चूक. स्लाइड फास्ट आहे. स्मिअर वाळवून फिक्स केला, कार्बोल फुक्सिन ओतलं, खालून वाफ येईपर्यंत गरम केलं (उकळायचं नाही हं, मागे बसलेत ते उकळतात), पाच मिनिटं थांबलं, धुतलं, पंचवीस टक्के सल्फ्युरिक ॲसिडने रंग काढला, मिथिलीन ब्लू अर्धा मिनिट, धुतलं, वाळवलं, ऑइल लेन्सखाली घातलं. निळ्या बॅकग्राउंडवर लाल काड्या. हात बसला असेल तर तासाभरात उत्तर. मशीनमध्ये घालायच्या कार्ट्रिजला आधी थुंकीत दुप्पट सॅम्पल रिएजंट घालून, हलवून, पंधरा मिनिटं ठेवावं लागतं, मग मशीनमध्ये पावणेदोन-दोन तास. म्हणजे घड्याळ लावलं तर म्हातारी जिंकते.

मग एवढी महाग मशीन कशाला घेतली? सांगतो, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार. हसू नका, दरवेळी सांगतो कारण दरवेळी तेच दिसतं.

सीबीनॅटच्या मशीनमध्ये बहुतेक ठिकाणी चार खाने असतात, मॉड्यूल म्हणा. प्रत्येक खाना स्वतंत्र चालतो. एकात सकाळी साडेनऊला कार्ट्रिज घातलं आणि दुसऱ्यात दहा वाजता, तरी काही बिघडत नाही. पण आमच्या लोकांचे हात स्लाइडच्या जमान्यात घडले. स्लाइड रंगवताना रॅकवर दहा-बारा एकदम लावल्या की रंगही वाचतो, वेळही वाचतो, म्हणून सॅम्पल जमवायची सवय. तीच सवय मशीनला लावली! एका लॅबमध्ये, नाव नाही घेत, मी विचारलं हे सॅम्पल कधी आलं, तर म्हणे, सर सोमवारी. त्या दिवशी होता गुरुवार. का नाही लावलं? "सर, तीनच आलेत, चौथं आलं की लावतो." डबी फ्रिजमध्ये, पेशंट घरात खोकतोय, घरात लहान मुलं, आणि आम्ही चौथ्याची वाट बघतोय, शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही तसं. रजिस्टरमध्ये मात्र टेस्टला लागलेला वेळ दोन तास, तो काय खोटा नाही. म्हणून माझं म्हणणं असं की थुंकी पोचल्याची तारीख आणि कार्ट्रिज लावल्याची तारीख शेजारीशेजारी लिहा, आणि मधलं अंतर दर शनिवारी मोठ्याने वाचा. मग बघा काय होतं ते.

आणि डबीत येतं काय? पेशंटला डबी दिली, "यात थुंका" म्हटलं, तो बिचारा थुंकतो. पांढरा फेस. आपल्याला छातीतून खोकून काढलेला बेडका पाहिजे. दोनतीन खोल श्वास घ्यायला सांगा, उघड्यावर उभं करा, दोन ते पाच मिली, आणि डबी घेताना उजेडात धरून बघा. मशीन लाळेलाही प्रामाणिकपणे 'एमटीबी नॉट डिटेक्टेड' म्हणते. सगळे म्हणतात मशीनने निगेटिव्ह दिलं, मशीनने काय करावं हो? उलट फार घट्ट बेडका नीट पातळ झाला नाही तर प्रेशरची एरर येते, कार्ट्रिज फुकट. ते गुठळी दिसत असताना पिपेटने ओढणं बंद करा. एक आणखी, स्लाइडवाल्यांसाठी: ऑइलच्या बाटलीचं टोक स्लाइडला टेकवू नका. एका पॉझिटिव्ह स्लाइडवरचे जंतू टोकाला चिकटून पुढच्या स्लाइडवर जातात आणि धडधाकट माणूस पॉझिटिव्ह निघतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पंधरा मिनिटं. बरं. आता खरा विषय, भराभर.

पहिलं, दिसण्याचं. स्लाइडवर काडी दिसायला एक मिली थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. कार्ट्रिजला सव्वाशेच्या आसपास पुरतात, नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला पंधरा-वीस. एचआयव्हीचे पेशंट, लहान मुलं, सुरुवातीचा आजार, हे सगळे स्लाइडवर निगेटिव्ह सुटायचे.

दुसरं आणि मोठं, रेझिस्टन्स. स्लाइडवरची लाल काडी रिफाम्पिसिनने मरणारी आहे की नाही हे जगातला कुठलाही टेक्निशियन सांगू शकत नाही, दोन्ही सारख्याच लाल. त्याने काय व्हायचं ते जुन्या पद्धतीने बघा. चाळिशीचा माणूस, स्लाइड थ्री प्लस. नेहमीची चार औषधं सुरू. समजा त्याचे जंतू आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना दाद देत नाहीत, म्हणजे एमडीआर. दोन महिन्यांनी स्लाइड वन प्लस. सगळे खूश, औषध लागू पडतंय म्हणून तीच औषधं आणखी महिनाभर चालू ठेवली. प्रत्यक्षात मेले ते औषधाला दबणारे जंतू, न दबणारे मागे राहिले आणि वाढले. पाचव्या महिन्यात स्लाइड टू प्लस. आता 'फेल्युअर' म्हणायचं, आणि मग काय, त्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनचं एक इंजेक्शन वाढवून कॅटेगरी टू! न चालणाऱ्या औषधांत एकच नवं औषध घातलं की जंतू त्यालाही रेझिस्टन्ट व्हायची सोय. 2017 मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं हे बंद करा. कल्चर पाठवलं तर एलजे मीडियावर वाढायला सहा ते आठ आठवडे, वर ड्रग सेन्सिटिव्हिटीचे आणखी आठवडे. तोपर्यंत घरातले, शेजारचे, कामावरचे, किती जणांपर्यंत पोचला असेल कोण जाणे.

तोच माणूस पहिल्याच दिवशी कार्ट्रिजवर लावा. मशीन जंतूच्या डीएनएमधला आरपीओबी जीनचा 81 अक्षरांचा तुकडा वाढवते आणि त्यावर पाच प्रोब चिकटतात का बघते. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी साधारण 95 टक्के जंतूंमध्ये बदल याच तुकड्यात असतो. बदल असला की तिथला प्रोब चिकटत नाही किंवा उशिरा चिकटतो, आणि रिपोर्टमध्ये 'रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड'. पाच महिन्यांनी कळणारी गोष्ट संध्याकाळच्या आत. घड्याळात स्लाइड जिंकली, पण योग्य औषध सुरू व्हायच्या शर्यतीत ती अजून गेटवरच उभी होती.

आता मशीनचीही झाकली मूठ उघडतो. साधं कार्ट्रिज फक्त रिफाम्पिसिन बघतं, आयसोनियाझिड नाही. 'रिफ सेन्सिटिव्ह' वाचून निर्धास्त झालात तर एकट्या आयसोनियाझिडला रेझिस्टन्ट असलेला पेशंट सुटतो, म्हणून आयसोनियाझिडचा रेझिस्टन्स बघणाऱ्या एलपीए टेस्टला सॅम्पल गेलंच पाहिजे. जंतू 'व्हेरी लो' आणि सोबत रेझिस्टन्स असा रिपोर्ट आला आणि पेशंटला आधी टीबी झालेला नसेल, तर घाबरून औषध बदलू नका, नवा बेडका घेऊन पुन्हा लावा. अल्ट्रामध्ये 'ट्रेस' आलं तर रेझिस्टन्सचं उत्तर मिळतच नाही. आणि गोव्यातल्या मोलबायोचं ट्रूनॅट विसरू नका, बॅटरीवर चालतं, पीएचसीत बसतं, फक्त त्यात टीबीची चिप वेगळी आणि रिफाम्पिसिनची वेगळी, आधी पहिली पॉझिटिव्ह आली की मग दुसरी.

दोन मिनिटं? ठीक. तर मायक्रोस्कोप भंगारात घालायचे का? नाही हो. उपचार सुरू असलेल्या पेशंटचा फॉलोअप कार्ट्रिजवर करू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनए थुंकीत महिनोन् महिने येतो आणि मशीनला मेलेला-जिवंत कळत नाही. स्लाइडलाही मेलेली काडी कळत नाही म्हणा, पण काड्या कमी होतायत की नाही ते मोजता येतं, म्हणून फॉलोअपला स्लाइड, शंका आली तर कल्चर. निदानाला मात्र पहिला बेडका थेट कार्ट्रिजमध्ये, चौथ्याची वाट न बघता.