कॉन्स्टंटाइनच्या दानपत्राची भाषा

श्रोतेहो, आज आपण ज्या दस्तऐवजाविषयी बोलणार आहोत, त्याला 'कॉन्स्टंटाइनचे दानपत्र' म्हणतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला कुष्ठरोग झाला, पोप सिल्वेस्टर पहिला याने त्याला बाप्तिस्मा देताच तो बरा झाला, आणि या उपकाराची फेड म्हणून सम्राटाने लॅटरन राजवाडा, रोम शहर, इटली आणि पश्चिमेकडचे प्रांत पोपच्या स्वाधीन केले, असे त्यात लिहिले आहे. चौथ्या शतकातील म्हणून मिरवणारी ही सनद प्रत्यक्षात बहुधा आठव्या किंवा नवव्या शतकात रचली गेली. चर्चच्या कायदेसंग्रहात तिला जागा मिळाल्यामुळे पुढे कित्येक शतके पोपच्या राजकीय हक्कांसाठी तिचा आधार घेतला जात होता.

ही सनद बनावट असल्याचे पंधराव्या शतकातील इटालियन विद्वान लोरेन्झो वाला याने दाखवून दिले, पण शंका घेणारा तो पहिला नव्हे. त्याच्या आधी काही वर्षे कुसाचा निकोलस या जर्मन धर्मपंडिताने एक साधा पण भेदक प्रश्न विचारला होता: एवढे मोठे दान झाले असेल, तर त्या काळच्या इतिहासकारांनी त्याचा उल्लेख कसा केला नाही? ही तपासणी सनदेबाहेरच्या पुराव्यांची होती. वालाने १४४० साली लिहिलेल्या प्रबंधात बाहेरचा पुरावा तर घेतलाच, पण सनदेला तिच्याच शब्दांत पकडले, आणि त्याचे खरे मोठेपण मला यातच दिसते. त्या वेळी तो आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या पदरी होता आणि नेपल्सच्या राज्यावरून राजाचे पोपशी वैर होते. त्यामुळे लिहिण्यामागचा हेतू निव्वळ विद्वत्तेचा नव्हता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र हेतू कोणताही असला, तरी त्याची प्रमाणे स्वतंत्रपणे तपासता येतात.

पहिला शब्द आपल्या ओळखीचा आहे. दानाला कोणाकोणाची संमती होती हे सांगताना सनद रोमच्या सिनेटआधी 'सॅट्रप' मंडळींचे नाव घेते. मूळ इराणी शब्दापासून आलेला हा शब्द आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांतील लेखांत 'क्षत्रप' म्हणून भेटतो. पण कॉन्स्टंटाइनच्या दरबारात क्षत्रप कोठून आले? रोमन प्रांतांचे कारभारी इतर पदनामांनी ओळखले जात आणि रोमन सल्लामसलतीत सॅट्रप बसल्याचे कोणी ऐकलेले नाही, असा वालाचा खडा सवाल आहे.

दुसरा शब्द 'डायडेम'. सनदेनुसार सम्राटाने आपल्या मस्तकावरचे शुद्ध सोन्याचे, रत्नजडित डायडेम पोपला दिले. वाला सांगतो की प्राचीनांचे डायडेम म्हणजे कापडाची, फार तर रेशमाची पट्टी होती. पुराव्यादाखल तो एका राजाची जुनी गोष्ट देतो: डायडेम हाती घेऊन तो राजा म्हणाला, या फडक्यात किती चिंता भरल्या आहेत हे कळले, तर जमिनीवर पडलेले असतानाही कोणी ते उचलणार नाही. लेखकाला आपल्या काळातील सोन्याचा मुकुट ठाऊक होता आणि तोच त्याने जुन्या नावाने वर्णिला.

शब्द एक वेळ चुकून येऊ शकतो. वाक्याची घडण मात्र सहजी लपवता येत नाही. 'त्यांनी वापरावे असे आम्ही ठरवतो' हे सांगताना जुनी लॅटिन 'उत' हे अव्यय घेऊन क्रियापदाचे विध्यर्थी रूप वापरी: 'उत ऊतांतुर'. सनदेत मात्र 'क्वोद ऊती देबेआंत' असे आहे, म्हणजे 'की त्यांनी वापरले पाहिजे'. 'पाहिजे'साठी स्वतंत्र क्रियापद जोडलेले. वाला म्हणतो, अशी लॅटिन आपल्या काळातली सामान्य माणसे बोलतात आणि लिहितात. शाही कचेरीचा लेखक अशी रचना करणार नाही.

आणि एका ठिकाणी तर सनद स्वतःलाच खोटे पाडते. रोमच्या अधिकाराखाली येणाऱ्या धर्मपीठांत ती कॉन्स्टँटिनोपलचे नाव घेते, आणि पुढे सम्राट सांगतो की बिझँटियमच्या 'प्रांतात' आपल्या नावाचे शहर तो बांधणार आहे. जे शहर अजून उभे राहायचे आहे, त्याचे धर्मपीठ आधी कसे? शिवाय बिझँटियम हा प्रांत नव्हता, ते शहर होते. नव्या नगरीचे समर्पण इ. स. ३३० मध्ये झाले, तर सनद बाप्तिस्म्यानंतर लगेचची असल्याचा दावा करते.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. सनद कॉन्स्टंटाइनची नाही हे वालाने दाखवले. ती नेमकी कधी आणि कोणी रचली हे तो ठरवू शकला नाही, आणि ती कोठे रचली गेली याबद्दल अभ्यासकांचे मतभेद आजही आहेत.

पोप निकोलस पाचव्याने वालाला पुढे रोमला आपल्या सेवेत घेतले. १४५७ मध्ये वाला वारला आणि लॅटरनच्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. त्या चर्चला लागूनच तो राजवाडा होता, जो कॉन्स्टंटाइनने पोपला दिल्याचे सनद सांगत होती.