नखातली काळी माती

सकाळचा परिपाठ चालूय. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला आणि आता आरोग्यसेविका ताई पुढं आल्यात. सोबत एक पांढरा टब, पाण्याचा तांब्या आणि साबणाची वडी.

ताईंनी चौथीतल्या एका पोराला बोलावलंय. शाळेत येता येता यानं बोरीखालची बोरं वेचून खिसा भरलाय. त्याचा हात जरा जवळून बघा. आधी नुसतं पाणी ओतलं, त्यानं हात चोळले, चड्डीला पुसले. वरून एकदम स्वच्छ, पण नखं बघा की, प्रत्येक नखात काळी रेघ तशीच. आपल्या मराठवाड्याची काळी माती लई चिकट, नुसत्या पाण्यानं निघत नाही, आणि गोल जंताची अंडीही तशीच चिकट असतात, डोळ्याला दिसत पण नाहीत.

ही अंडी मातीत येतात कुठून, तर कुणी उघड्यावर बसलं की तिथून. जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ताज्या अंड्यानं लागण होत नाही, ते दोन-चार आठवडे मातीत राहून तयार होतं, मग बोरासंगं नाहीतर नखातून पोटात जातं. आतड्यात अळी बाहेर पडते, रक्तातून फुफ्फुसात जाते, तिथून घशात येते, लेकरू ती गिळतं आणि परत आतड्यात जाऊन तिचा वीतभर लांब जंत होतो. जंत जास्त झाले तर खाल्लेलं अंगी लागत नाही, कधी आतडंही अडकतं.

आता साबण. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, आणि मग बोटांची टोकं तळव्यावर खरडायची, नखात फेस जाईपर्यंत. पोरं मोठ्यानं वीसपर्यंत मोजतायत. साबणानं अंडं मरत नाही, ते हातावरून सुटतं, म्हणून वरून पाणी ओतायचं, टबात हात बुचकळायचा नाही. टबातलं पाणी बघा आता!

आणि ही जंताची गोळी, अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. त्यावरच्यांना 19 वर्षांपर्यंत पूर्ण एक, चावून खायची, ताईंच्या समोरच. घरी न्यायला पुडीत देत नाहीत. त्या कोपऱ्यातल्या पोरीला ताप आहे, तिला आज नाही, बरी झाली की नंतर, राहिलेल्या पोरांसाठीच्या मॉप-अपच्या दिवशी. गोळीनंतर कुणाला थोडं मळमळलं, पोट दुखलं तर सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं, बहुतेक वेळा पोटात जंत जास्त असले की असं होतं. थांबलंच नाही तर दवाखाना.

गोळी आतड्यात आत्ता असलेले जंत मारते, उद्या पोटात जाणारं अंडं ती अडवत नाही. म्हणून 10 फेब्रुवारीला दिली तरी ऑगस्टमध्ये परत द्यावी लागते.

चौथीतल्या त्या पोराची नखं आता गुलाबी दिसतायत. त्यानं खिशात हात घातला, एक बोर तोंडाकडं नेलं. ताईंनी हात धरला, सगळी बोरं मागून घेतली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यावर ओतलं.