म्हैस पाहिली कुणी?

(सांगलीतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

फळ्यावर विषय लिहिलाय 'कर्जांचे प्रतिभूतीकरण आणि 2008चे संकट'. हा शब्द मी घरी सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "हे पितृपक्षात करतात का?" (हशा) तसं काही नाही. बँकेनं दिलेली हजारो कर्जं एका मोळीत बांधायची, त्या मोळीवर रोखे काढायचे आणि ते बाजारात विकायचे, एवढंच ते. कर्जदार हप्ता भरतो, तो हप्ता रोखेवाल्याला मिळतो आणि बँकेचे पैसे मोकळे होतात. अमेरिकेत 1970 साली जिनी मे या सरकारी संस्थेच्या हमीनं घरकर्जांचे असे रोखे सुरू झाले. पुढची तीस वर्षं हा बरा, सरळ धंदा होता.

गेली कित्येक वर्षं एक वाक्य माझ्या डोक्यात खुपतंय. जो तो म्हणतो, "या रोख्यांमुळे जोखीम जगभर पसरली." मला ते निम्मंच खरं वाटतं. जोखमीवरची नजर पसरून पसरून नाहीशी झाली. जोखीम मात्र फिरून ठरावीक घरांत जाऊन साचली. हे आज सिद्ध करायचंय. पण आधी म्हैस.

1984 साली मी एका बँकेत फील्ड ऑफिसर होतो. बँकेचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येतं. (हशा) दुभत्या जनावरांसाठी कर्ज देण्याची योजना जोरात होती आणि जनावर बघून यायचं काम माझ्याकडे. स्कूटरवर गावात जायचं, म्हैस बघायची, कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहायचा, सडांकडे बघून मान डोलवायची. मला म्हशीतलं काही कळत नव्हतं, पण मान उत्तम डोलवता यायची. पहिल्या गावात एक म्हैस पाहिली. डावं शिंग वाकून थेट डोळ्यावर आलेलं. देखणी नव्हे, पण लक्षात राहणारी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात दुसऱ्या कर्जदाराच्या गोठ्यात गेलो, तर तेच शिंग. म्हटलं, असतील एका जातीच्या. तिसऱ्या गावात परत तेच शिंग, आणि या खेपेला बाईसाहेबांनी मला ओळखलं. (हशा) नुसती ओळख नाही, मान वळवून माझ्या पिशवीला तोंड लावलं, कारण आदल्या दिवशी मी तिला केळ्याची सालं घातली होती. मी मालकाला म्हटलं, "अहो पाटील, ही काल तिकडं होती." पाटील शांतपणे म्हणाले, "साहेब, ती हिची भन." कानातला बिल्ला सुतळीनं बांधलेला होता. रोज रात्री बदलत असणार.

मी तिन्ही प्रकरणं थांबवली. शाखेचं उद्दिष्ट चुकलं म्हणून बोलणी खाल्ली, वर मेमोही मिळाला. ती सल अजून आहे आणि तुमच्यासमोर ती काढतोय, तेव्हा ऐकून घ्या. मी थांबवली त्यात प्रामाणिकपणाचा भाग थोडाच होता. कर्ज थकलं तर ते माझ्याच शाखेच्या वहीत थकणार होतं, वसुलीला त्याच धुळीतून मलाच जावं लागणार होतं. जनावर बघण्याचा कंटाळा करणं मला परवडणारं नव्हतं.

आता अमेरिकेत या. सप्टेंबर 2006. कॅलिफोर्नियातल्या न्यू सेंच्युरी या कंपनीनं दिलेली 4,499 घरकर्जं सिटीग्रुपनं विकत घेतली. कर्जदार सबप्राइम, म्हणजे पत कमी असलेले. मुद्दल सुमारे 94 कोटी 70 लाख डॉलर, आणि सिटीग्रुपनं दिले 97 कोटी 90 लाख. म्हणजे कर्ज देणाऱ्याला हप्त्यांची वाट बघायची गरजच राहिली नाही. वरचे तीन कोटी वीस लाख डॉलर लगेच हातात आणि थकबाकीची काळजी दुसऱ्याच्या गळ्यात. तिथल्या फील्ड ऑफिसरला म्हशीचं शिंग कशाला आठवेल?

बहुतेक कर्जांत व्याजदर पहिली दोन वर्षं कमी, मग एकदम चढता. तो चढला की हप्ता झेपणार नाही हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही ठाऊक. भरवसा एवढाच, की तोवर घराची किंमत वाढेल आणि त्यावर नवं कर्ज काढून जुनं फेडता येईल. हा भरवसा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकडेही तपासणी होती बरं का. क्लेटन होल्डिंग्ज नावाची कंपनी मोठ्या बँकांसाठी नमुन्यादाखल कर्जांची कागदपत्रं तपासायची. जानेवारी 2006 ते जून 2007 या काळात त्यांनी नऊ लाखांवर कर्जं तपासली. त्यातली 28 टक्के नियमांत बसत नव्हती. आणि अशा नापास कर्जांपैकी 39 टक्के बँकांनी तरीही पदरात घेतली. बिल्ला सुतळीचा आहे हे लिहून दिलं होतं, मित्रहो. वाचणाऱ्याला म्हैस स्वतःच्या गोठ्यात ठेवायची नव्हती, एवढंच.

मग या 4,499 कर्जांची इमारत बांधली. सांगलीकरांना इमारत आणि पाणी वेगळं समजवायला नको. हप्त्यांचे पैसे वरच्या मजल्यापासून खाली वाटत यायचे आणि तोटा तळापासून वर चढायचा. तळमजला म्हणजे जेमतेम एक टक्का रक्कम. पहिलं पाणी त्याच्यात. त्याच्या वर मधले अकरा मजले, सगळे मिळून 21 टक्के. आणि सगळ्यात वर 78 टक्क्यांचे प्रशस्त मजले, ज्यांना मानांकन 'एएए'. म्हणजे सरकारी रोख्याच्या पंगतीत. युक्तिवाद चुकीचा नव्हता. इमारतीतली शंभरातली दहा-पंधरा कर्जं बुडाली, घरं विकून थोडे पैसे परत आले, तरी वरचे कोरडे राहतात. वरचे मजले विकायला त्रास पडला नाही. अमेरिकेतली फॅनी मे ही घरकर्जं विकत घेणारी संस्था, शिवाय चीन, इटली, फ्रान्स, जर्मनीपर्यंतच्या संस्थांनी ते घेतले.

अडचण मधल्या मजल्यांची. हिशेब करा, 21 टक्क्यांत अकरा मजले. एकेक मजला सरासरी दोन टक्क्यांचाही नाही. पत्त्याच्या पानाएवढी जाडी. पाणी पायाला लागलं की दोन टक्क्यांत डोक्यावरून जातं. मधली अवस्था नाहीच. असा मजला शहाणा माणूस घेईल का? बहुतेकांनी घेतला नाही. मग तो गेला कुठे, तीच खरी...

(आयोजकांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं म्हणतायत. म्हशीनं वेळ खाल्ला. (हशा) बरं, भराभर सांगतो.

हे न खपणारे मधले मजले नव्या मोळीत घातले. तिचं नाव सीडीओ. शंभर वेगवेगळ्या इमारतींचे मधले मजले एकत्र आणून कागदावर नवी इमारत उभी केली आणि तिच्या जवळजवळ 80 टक्के भागाला परत 'एएए' मिळालं. तर्क असा, की शंभर इमारती एकाच वेळी कशा बुडतील? आता नजर कृष्णेकडे वळवा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा एका काठावरच्या घरांत पाणी घर निवडून आत शिरलं का? शंभर घरांचे सारख्या उंचीवरचे मजले एकाच नदीकाठी असले तर ते शंभर नाहीत, एकच आहेत. समजा प्रत्येक मजला 5 ते 6 टक्के तोट्याच्या मधला आहे. सगळीकडे तोटा 4 टक्के झाला तर नवी इमारत पूर्ण कोरडी. 8 टक्के झाला तर शंभरच्या शंभर मजले पूर्ण बुडाले, म्हणजे नव्या इमारतीची गच्चीसुद्धा पाण्याखाली. नुसत्या चार टक्क्यांच्या फरकानं 'एएए'चं शून्य.

आणि नदी एकच होती. मगाशी सांगितलेला भरवसा, घरांच्या किमती वाढत राहतील हा. 2006च्या सुमारास त्या थांबल्या, मग उतरल्या, आणि फ्लोरिडा-कॅलिफोर्नियासकट सगळीकडे नवं कर्ज मिळणं एकदम बंद झालं. मानांकन करणाऱ्यांच्या गणितात जुन्या वर्षांची आकडेवारी होती, जेव्हा देशभर एकाच वेळी किमती पडल्या नव्हत्या. शिवाय मानांकनाचे पैसे रोखे काढणाराच द्यायचा. 2006 साली मूडीज या मानांकन कंपनीनं 'एएए' दिलेल्या घरकर्ज रोख्यांपैकी 83 टक्क्यांचं मानांकन पुढे उतरलं.

आता माझा मुद्दा, जोखीम कुठे साचली. सीडीओची गच्ची सर्वांत मोठी आणि व्याज सर्वांत कमी, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी. ती बनवणाऱ्या बँकांकडेच राहिली, कारण 'एएए' असल्यामुळे तिच्यासाठी भांडवल फार लागत नसे. नोव्हेंबर 2007मध्ये सिटीग्रुपनं जाहीर केलं, की सबप्राइमशी जोडलेले 55 अब्ज डॉलर त्यांच्याकडे आहेत, आणि त्यातले 43 अब्ज याच गच्चीचे. दुकानदारानं विकायला ठेवलेला माल दुकानातच कुजला.

काहींनी गच्चीचा विमा उतरवला एआयजीकडे. ही विमा कंपनी, पण हा करार विमा म्हणून नोंदलेला नव्हता, त्यामुळे राखीव निधी ठेवण्याची सक्ती नाही. करारात अट अशी होती, की रोख्याचा बाजारभाव किंवा कंपनीचं स्वतःचं मानांकन घसरलं तर तारण म्हणून रोख रक्कम भरायची. कर्ज प्रत्यक्ष बुडायची वाट बघायची नाही. भाव घसरले, तारणाच्या मागण्या आल्या आणि 16 सप्टेंबर 2008ला अमेरिकी मध्यवर्ती बँकेला 85 अब्ज डॉलरचं कर्ज द्यावं लागलं.

तिसरं ठिकाण जर्मनी. ड्युसेलडॉर्फची आयकेबी ही मध्यम कारखानदारांना कर्ज देणारी बँक. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या बँकेसारखी म्हणा. तिनं ऱ्हाइनलँड फंडिंग नावाची वेगळी संस्था काढून काही आठवड्यांच्या उसनवारीवर हे अमेरिकी रोखे घेतले. उसनवारी महिन्याची आणि रोखा पंचवीस-तीस वर्षांचा. जुलै 2007मध्ये उसने देणारे परत आले नाहीत आणि बँक वाचवायला सरकारी बँकेला धावावं लागलं.

ते 4,499 कर्जदार? सप्टेंबर 2010पर्यंत त्यांतल्या 1,917 घरांवर जप्तीची कारवाई सुरू झाली होती. न्यू सेंच्युरी तर एप्रिल 2007मध्येच दिवाळखोर झाली.

घंटा झाली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं हे दोन्ही दरवाजे बंद केलेत, तेवढं सांगून बसतो. कर्ज विकणाऱ्यानं साधारणपणे ते आधी काही महिने स्वतःकडे ठेवायचं आणि विकल्यावरही पाच ते दहा टक्के वाटा आपल्या वहीत ठेवायचा. रोख्यांवर परत रोखे काढायला मनाई. म्हणजे म्हशीचा एक पाय तरी आपल्या गोठ्यात. प्रश्न असतील तर खाली चहाला विचारा. आणि ती म्हैस नंतर कुठे गेली हे विचारू नका, मला ती पुढे चौथ्या गावातही दिसली होती.