दहा शब्द, तीन सेकंद

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. अरुंद बोळ. आतून यंत्रमागाची खडखड.)

निवेदन:
चादरीच्या कारखान्यावर आम्ही दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. मागाइतकाच वेगवान हवा म्हणून कट भराभर ठेवले आणि आवाजही पळवला. कारखान्याच्या मालकांना दाखवला, तर ते म्हणाले, "ओ सर, पळतंय लय, पण ध्यानात काय राहिना."

त्यांचं बरोबर होतं. अडलं होतं ते या एका वाक्यावर.

(दृश्य: एडिटिंगच्या पडद्यावर वाक्य.)

"सोलापूरच्या यंत्रमागांवर विणल्या जाणाऱ्या चादरींची नक्षी जॅकार्डच्या साहाय्याने उठवली जाते."

जॅकार्ड म्हणजे मागाच्या वर बसवलेलं, नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारं यंत्र. वाक्यात शब्द दहा. सेकंदाला तीन शब्द या हिशेबाने सव्वातीन सेकंदांची जागा ठेवली होती. पण मराठीत शब्द मोजून भागत नाही. आपण प्रत्यय शब्दालाच चिकटवतो. 'नक्षी' हाही एक शब्द आणि 'यंत्रमागांवर' हाही एकच. म्हणून मी आता तोंडातले ठोके मोजतो. लिहिलेली अक्षरं नव्हे, उच्चारातले ठोके. 'इकडून' कागदावर चार अक्षरं, बोलताना दोनच ठोके: इक, डून.

तसं मोजलं तर त्या वाक्यात बत्तीस ठोके निघाले. माझ्या आवाजात सेकंदाला सहा ठोके म्हणजे चपळ, तरी स्पष्ट. आठाच्या पुढे शब्दांची टोकं गिळली जातात. बत्तीस ठोक्यांना सव्वापाच सेकंद लागतात, आणि मी ते सव्वातीनमध्ये कोंबत होतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा.

(दृश्य: आडवा धागा नेणारा धोटा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.)

मग वाक्य बदललं.

"धोटा इकडून जातो, तिकडून येतो आणि नक्षी वर येत राहते."

शब्द तेच दहा. ठोके अठरा. बरोबर तीन सेकंद.

आता कट. आपला व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा, म्हणजे एका ठोक्याला साधारण चार फ्रेम. 'धोटा इकडून जातो' हे सहा ठोके, 25 फ्रेम; पहिला शॉट एवढाच. 'तिकडून'वर कट. 'तिकडून येतो' चार ठोके, 17 फ्रेम. मग पुढचा कट कुठे? आधी मी तो 'नक्षी'वर मारत होतो. चित्र आणि शब्द एकदम आदळायचे, आणि डोळा नव्या चित्रात कुठे बघायचं ते शोधत असताना कानातला शब्द निसटायचा.

(दृश्य: तोच तुकडा दोनदा. दुसऱ्यांदा कट आधी.)

आता कट 'आणि'वर आहे. 'आणि' ऐकू आलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्या आठ फ्रेममध्ये डोळा नक्षीवर स्थिरावतो आणि मग 'नक्षी' हा शब्द येतो. तीन सेकंदांत तीन शॉट. घाई चित्राची आहे, आवाज आपल्याच चालीने चाललाय.

आकड्यांनी मात्र मला बरेच दिवस फसवलं. स्क्रिप्टमध्ये 1998 लिहिलं की चार आकडेच दिसतात. बोलताना 'एकोणीसशे अठ्ठ्याण्णव', सात ठोके, सेकंदाच्या वर. असं साल मी आता बोलत नाही, पडद्यावर लिहितो.

(दृश्य: मागाचा आवाज वाढतो, मग निवेदनाखाली दबतो.)

चूक आवाजाची की कटची, हे ओळखायला डोळे मिटून ऐकायचं. डोळे मिटूनही कळत नसेल तर ठोके जास्त आहेत. डोळे मिटून कळतं आणि उघडे ठेवून निसटतं, तर कट हलवायचा. तिसरी शक्यता या कारखान्यातलीच: निवेदन एकटं ऐकलं तर स्वच्छ, मागाचा आवाज जोडला की 'स', 'श', 'ट' गायब. तेव्हा शब्द कापू नयेत, खडखड खाली घ्यावी आणि वाक्य संपलं की पुन्हा वर सोडावी.

वाक्याच्या शेवटचा श्वासही मी कापून टाकत होतो, जागा वाचते म्हणून. वाचायची दहा फ्रेम, पण पुढच्या वाक्याचा पहिला शब्द मागच्याला चिकटायचा. ते श्वास परत ठेवले.

(दृश्य: मालक मोबाइलवर नवा कट पाहताहेत.)

दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा मालकांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जॅकार्डचं नाव का काढलं ओ? खरं काम तर तेच करतंय."

(दृश्य: मागाच्या वरचं जॅकार्ड. एकच शॉट, दोन सेकंद, कट नाही.)

नाव परत घेतलं. पण धावत्या वाक्यात नाही. धोट्याचे तीन शॉट संपले की कॅमेरा वर जातो, अर्धा सेकंद फक्त माग ऐकू येतो, आणि मग सावकाश:

"वर, जॅकार्ड."