नेट रन रेट: कागदावर मांडून पाहू

कापूस वेचून झाला की आपल्या तालुक्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. पहिले चार-पाच दिवस सगळं ठीक चालतं. वाद पेटतो तो साखळीच्या शेवटच्या दिवशी, दोन किंवा तीन संघांचे गुण सारखे झाले की. मग नेट रन रेट काढायचा असतो, आणि स्कोअररभोवती गर्दी जमते.

सूत्र तसं साधं आहे. संघाने साऱ्या सामन्यांत काढलेल्या धावांना खेळलेल्या ओव्हरने भागा. त्यातून, दिलेल्या धावांना टाकलेल्या ओव्हरने भागून आलेला आकडा वजा करा. चूक बहुधा ओव्हर मोजताना होते. ३७.१ म्हणजे ३७ ओव्हर आणि १ चेंडू. गणितात तो आकडा ३७.१६७ होतो, कारण ओव्हरचे सहा भाग असतात, दहा नव्हे. कॅल्क्युलेटरमध्ये सरळ ३७.१ दाबलं की पुढचं सारं चुकतं.

दुसरा नियम, संघ सर्वबाद झाला तर त्याच्या वाट्याच्या पूर्ण ओव्हर धरायच्या. आठ ओव्हरच्या सामन्यात ५ ओव्हरमध्ये ४० वर सर्वबाद झाल्यास धावगती ८ नाही, ५ धरायची. असा नियम नसता तर लवकर गडगडलेल्या संघालाच बक्षीस मिळालं असतं. पावसाने निकालच न लागलेला सामना या हिशेबात येत नाही. त्याचे गुण तेवढे वाटून दिले जातात.

आता २०२३ च्या आशिया चषकातला ‘ब’ गट घेऊ. त्यात श्रीलंका, बांगलादेश आणि अफगाणिस्तान असे तीन संघ होते आणि दोघेच पुढे जाणार होते. श्रीलंकेने बांगलादेशला १६४ वर सर्वबाद केलं आणि ३९ ओव्हरमध्ये १६५ केल्या. बांगलादेशने अफगाणिस्तानविरुद्ध ५० ओव्हरमध्ये ३३४ केल्या. अफगाणिस्तान ४४.३ ओव्हरमध्ये २४५ वर सर्वबाद, म्हणून हिशेबात ५० ओव्हर.

बांगलादेशच्या ४९८ धावा १०० ओव्हरमध्ये, म्हणजे ४.९८. दिलेल्या ४१० धावा ८९ ओव्हरमध्ये, म्हणजे ४.६०७. फरक अधिक ०.३७३. पुष्कळ जण प्रत्येक सामन्याचा फरक वेगळा काढून त्यांची सरासरी घेतात. तसं केलं तर इथे ०.४१ येईल, आणि ते चूक आहे. दहा क्विंटल कापूस एका भावाने आणि दोन क्विंटल दुसऱ्या भावाने विकला, तर दोन भावांची सरासरी म्हणजे आपल्याला पडलेला भाव नव्हे. एकूण पैसे आणि एकूण क्विंटलच पाहावे लागतात.

शेवटचा सामना लाहोरला झाला. श्रीलंकेने २९१ केल्या. अफगाणिस्तान जिंकला तर तिन्ही संघांचे गुण सारखे होणार होते, आणि बांगलादेशचा रेट इतका चांगला होता की खरी चुरस उरलेल्या दोघांतच होती. २९२ धावा ३७.१ ओव्हरमध्ये झाल्या, तर अफगाणिस्तानच्या ५३७ धावा ८७.१६७ ओव्हरमध्ये होतात. त्यांचा रेट उणे ०.०८९ येतो आणि श्रीलंकेचा उणे ०.१०८. म्हणजे अफगाणिस्तान पुढे. एकच चेंडू जास्त लागला, ३७.२ झाले, की तेच आकडे उणे ०.१०१ आणि उणे ०.०९८ होतात आणि श्रीलंका वर जाते. म्हणून सगळ्यांच्या तोंडी ३७.१ हाच आकडा होता.

३७ ओव्हरनंतर अफगाणिस्तान ८ बाद २८९. पुढच्या चेंडूवर मुजीब बाद झाला आणि आता संपलं असं त्यांच्या संघाला वाटलं. पण संपलेलं नव्हतं! विजयी फटका चौकार किंवा षटकार असेल तर त्याच्या पूर्ण धावा मोजल्या जातात, आणि त्या धावा आकडा वर ढकलतात. २९५ धावा ३७.५ ओव्हरपर्यंत झाल्या असत्या तरी अफगाणिस्तानचा रेट उणे ०.१०२० आणि श्रीलंकेचा उणे ०.१०२२. अगदी केसभर, पण पुढे. २८९ वर एक षटकार म्हणजे नेमक्या २९५, आणि त्यासाठी चार चेंडू हातात होते. फारुकीने दोन चेंडू नुसते खेळून काढले आणि तिसऱ्यावर तो पायचीत झाला. समोरच्या टोकाला रशीद उभा होता. सामना दोन धावांनी गेला. एवढा बारकावा आपल्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, असं त्यांच्या प्रशिक्षकाने नंतर सांगितलं.

तेव्हा आपल्या स्पर्धेत स्कोअररने शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरालाच एक तक्ता करून दोन्ही संघांच्या हाती द्यावा. लक्ष्याएवढ्या धावा किती चेंडूंत व्हायला हव्यात, एक जास्त झाली तर किती, दोन जास्त तर किती, असं पाच जास्त धावांपर्यंत. त्यापुढे जायची गरज नाही, कारण बरोबरी साधल्यावर षटकार बसला तरी लक्ष्याच्या वर पाचच धावा जातात.