बत्तीस अंशांवरचं चॉकलेट
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावरून चॉकलेटची चकती सुटते. चकतीत वरच्या दिव्याचं प्रतिबिंब.)

या चकतीवर काहीही लावलेलं नाही. ग्लेझ नाही, तेल नाही. ही चमक चॉकलेटच्या आतून आलेली आहे आणि ती फक्त तापमान सांभाळून मिळवलेली आहे.

मुंबईतल्या एका मध्यम रेस्टॉरंटचं हे किचन. महिना जुलैचा. रात्रीच्या सर्व्हिससाठी एका गोड पदार्थाच्या चाळीस प्लेट तयार ठेवायच्या आहेत: डार्क चॉकलेट मूस, कोकमाचा सॉस, शेंगदाण्याचा क्रम्बल, नारळाचं आइस्क्रीम आणि वर ही चकती. त्यासाठी जागा आहे पाच फुटांचा एक ओटा.

(दृश्य: पिशवीतून पातेल्यात पडणारे चॉकलेटचे गोल दाणे. वजनकाट्यावर आकडा.)

हे कुव्हर्चर चॉकलेट. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यात किमान 31 टक्के कोको बटर असावं लागतं. आपल्याकडे बेकरीच्या दुकानात 'डार्क कंपाउंड' म्हणून जी लादी मिळते तिच्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची घट्ट चरबी असते. ती वितळवून ओतली की आपोआप गोठते, म्हणून किचनमध्ये ती सगळ्यांना सोयीची वाटते. पण ती जिभेवर पूर्ण वितळत नाही, टाळूला मेणासारखा थर राहतो. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा, फरक तिथेच लिहिलेला असतो. पाहुण्याकडून प्लेटेड डेझर्टचे पैसे घ्यायचे असतील, तर चकती कोको बटरच्याच चॉकलेटची हवी.

आणि कोको बटर म्हटलं की टेम्परिंग आलं, म्हणजे तापमान सांभाळून ते हव्या त्या रचनेत गोठवणं.

कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. प्रत्येक प्रकारात स्फटिकांची रचना वेगळी आणि वितळण्याचं तापमानही वेगळं. आपल्याला हवा तो पाचवा प्रकार. तो साधारण 34 अंशांना वितळतो, म्हणून चकती ताटलीवर टणक राहते आणि तोंडात विरघळते. खालच्या प्रकारांचे स्फटिक 28 अंशांच्या आतच ढिले पडतात. ते टिकत नाहीत, हळूहळू स्वतःची रचना बदलत राहतात आणि त्या ओघात चरबी पृष्ठभागावर येते. चॉकलेटवर दिसणारे पांढरट पट्टे ते हेच.

(दृश्य: मायक्रोवेव्हमधून प्लास्टिकचं भांडं बाहेर. स्पॅचुला फिरतो.)

एक किलो चॉकलेट. त्यातलं 700 ग्रॅम वितळवायचं, 300 ग्रॅम बाजूला ठेवायचं.

पुस्तकात बहुतेक वेळा उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवायला सांगतात. इथे मायक्रोवेव्ह वापरला आहे, कारण पाऊस सुरू असताना किचनची हवा आधीच ओली असते, त्यात वाफेचा एखादा थेंब भांड्यात पडला तरी चॉकलेटमधली साखर भिजते, चिकट होते आणि सगळं चॉकलेट क्षणात घट्ट गोळा होऊन बसतं. तो गोळा चकतीच्या कामाचा राहत नाही. फार तर क्रीम घालून त्याचं गनाश करता येतं. भांडं प्लास्टिकचं घेतलं आहे, कारण काचेचं भांडं उष्णता धरून ठेवतं आणि आतलं चॉकलेट नंतरही तापत राहतं. मायक्रोवेव्ह अर्ध्या ताकदीवर, एका वेळी तीस सेकंद. दर वेळी बाहेर काढून तळापासून ढवळायचं.

थर्मामीटरवर 45 अंश दिसायला हवेत. चॉकलेट पातळ दिसलं म्हणून 38 वर थांबू नका. 45 ला पोचल्यावरच जुने सगळे स्फटिक पुसले गेल्याची खात्री होते. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर तो फक्त वरच्या थराचं तापमान सांगतो हे लक्षात ठेवा. आधी ढवळायचं, मग मोजायचं.

(दृश्य: वितळलेल्या चॉकलेटमध्ये दाणे पडतात. जवळून.)

आता बाजूला ठेवलेले 300 ग्रॅम दाणे. हे कारखान्यातूनच नीट टेम्पर होऊन आलेले असतात, म्हणजे त्यांच्यात पाचव्या प्रकारचे स्फटिक तयार आहेत. दुधाला विरजण लावावं तसं हे काम. थोडे तयार स्फटिक घातले की बाकीचं कोको बटर त्यांचंच वळण घेतं. म्हणून या पद्धतीत चॉकलेट 27 अंशांपर्यंत उतरवून पुन्हा गरम करण्याची गरज पडत नाही, संगमरवरी फरशीही लागत नाही.

दाणे तीन हप्त्यांत घालायचे आणि सतत ढवळायचं. 40 अंश, 36, 34. इथे नजर ठेवायची ती शेवटच्या दाण्यांवर. 34 च्या वर असतानाच सगळे दाणे विरघळून गेले, तर विरजणच संपलं. लगेच मूठभर दाणे आणखी घाला. आणि 32 वर आल्यावरही काही दाणे तरंगत असतील, तर ते चमच्याने काढून टाका. ते राहिले तर चकतीत गुठळी दिसते.

डार्क चॉकलेटवर काम करायचं 31 ते 32 अंशांवर. मिल्क चॉकलेट 29 ते 30 वर, व्हाइट 28 ते 29 वर, कारण दुधातली चरबी कोको बटरला मऊ करते.

(दृश्य: पॅलेट नाइफचं टोक चॉकलेटमध्ये बुडतं. ओट्यावर ठेवलेलं. बाजूला घड्याळ.)

पत्र्यावर ओतण्याआधी ही चाचणी. नाइफचं टोक बुडवून एसीच्या वाऱ्यात ठेवा. पाच मिनिटांच्या आत ते एकसारखं गोठलं, बोटाला चिकटलं नाही आणि त्यावर रेघा नसल्या, तर टेम्पर बसला. दहा मिनिटांनीही ओलं असेल किंवा करडे पट्टे दिसत असतील, तर बसला नाही. अशा वेळी पुन्हा 45 पासून सुरुवात करायची.

काम करता करता चॉकलेट दाट होऊ लागलं, तर तो बिघाड नाही. स्फटिक जास्त झाले एवढंच. हेअर ड्रायरची गरम हवा काही सेकंद द्या आणि ढवळा. मात्र 33 ओलांडायचे नाहीत.

(दृश्य: चॉकलेट पत्र्यावर ओतलं जातं. लांब पॅलेट नाइफचा एकच हात. पृष्ठभाग चकचकीत, मग हळूहळू मंद.)

चाळीस सेंटिमीटर बाय तीसचा पत्रा, चॉकलेटचा थर दोन मिलिमीटर. एका पत्र्याला साधारण 300 ग्रॅम लागतं. सहा सेंटिमीटरच्या कटरने त्यात मोकळेपणाने 24 चकत्या बसतात. दोन पत्रे म्हणजे 48 चकत्या. चाळीस प्लेटसाठी आठ जास्तीच्या, कारण काही तुटणारच.

हा क्षण बघा. ओली चमक गेली, पृष्ठभाग मंद झाला, पण बोट लावलं तर अजून दबतो. कटर आत्ताच मारायचा. आधी मारला तर कापलेली रेघ पुन्हा मिटते, उशीर केला तर कडा फुटतात. कापलं की वर दुसरा पत्रा आणि त्यावर सपाट ट्रे. टेम्पर झालेलं चॉकलेट गोठताना आकसतं. वजन ठेवलं नाही तर चकत्या पापडासारख्या वळतात.

मग पत्रे दहा मिनिटं फ्रिजमध्ये. गोठताना चॉकलेट स्वतः उष्णता सोडतं, म्हणून चकत्यांचे असे भरलेले ट्रे एकमेकांवर रचू नका. मधल्या चकत्यांना हवा लागली नाही की त्या मध्यभागी निस्तेज राहतात. दहा मिनिटांनंतर बाहेर.

(दृश्य: एकाच चकतीचे दोन तुकडे. एकावर पाण्याचे बारीक थेंब.)

पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की 24-25 अंशांपेक्षा थंड कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रिजमधली चकती थेट गरम किचनमध्ये आणली की ती ओली होते, तिची साखर विरघळते आणि पाणी सुकल्यावर वर खरखरीत पांढरा थर उरतो. चरबीचा पांढरेपणा बोटाच्या उबेने पुसला जातो. साखरेचा ओल्या बोटानेच जातो. डाग कुठला ते ओळखलं तर चूक टेम्परिंगची की साठवणीची, हे लगेच कळतं.

म्हणून दोन चकत्यांमध्ये बटर पेपर घालून त्या हवाबंद डब्यात आणि डबा वाइनच्या फ्रिजमध्ये, 16 अंशांवर. सर्व्हिसच्या अर्धा तास आधी डबा प्लेट मांडायच्या ओट्यावर, म्हणजे स्टेशनवर येतो, पण झाकण उघडत नाही. आतलं चॉकलेट खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडायचा.

(दृश्य: काचेच्या पार्टिशनमागचा ओटा. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.)

आता स्टेशन. शेगड्यांपासून काचेने वेगळं केलेलं, स्वतःचा एसी असलेलं. एसी फक्त गारवा देत नाही, तो हवेतलं पाणीही काढतो. या किचनमध्ये या कोपऱ्यासाठी सगळ्यात मोठा खर्च तोच झाला आणि तो योग्य होता.

मांडणी डावीकडून उजवीकडे, उजवा शेवट पासकडे, म्हणजे तयार प्लेट वेटर उचलतो त्या खिडकीकडे. डावीकडे प्लेट. त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, नाहीतर बाहेर येताच त्यांना घाम फुटतो आणि सॉस पसरतो. मग कोकमाच्या सॉसची बाटली. आमसुलं बिनमिठाची हवीत, बाजारात अनेकदा मीठ लावलेली मिळतात. मग क्रम्बलचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी. शेंगदाण्याचा चमचा वेगळा आणि तो दुसऱ्या कशातही जात नाही, कारण ॲलर्जी असलेल्या पाहुण्याच्या जिवावर बेतू शकतं.

ओट्याखाली फ्रिजमध्ये मूस, दुपारीच रिंगमधून काढून एकेका कागदावर ठेवलेले. शेजारी आइस्क्रीम. ते उणे 18 वर दगड असतं. सर्व्हिसच्या आधी उणे 13 च्या आसपास आणलं तरच चमच्यावर अंडाकृती वळतं. चमच्यासाठी गरम पाण्याचा मग. दर वेळी चमचा बुडवून कापडावर टिपायचा. पाणी गढूळ झालं की बदलायचं.

(दृश्य: केओटीचा, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीचा प्रिंटर. एक प्लेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापता.)

सॉस. क्रम्बल, आइस्क्रीमच्या जागी थोडा जास्त, म्हणजे ते घसरत नाही. मूस. आइस्क्रीम. आणि चकती अगदी शेवटी, प्लेट पासवर जाण्याआधी. मूसमध्ये पाणी असतं. आधी लावून ठेवली तर तासाभरात तिची कड मऊ पडते आणि कुरकुरीतपणा जातो.

(दृश्य: ओटा पुसला जातो. कागदावर उरलेलं चॉकलेट ओतलं जातं.)

दोन पत्र्यांनंतर एक किलोतलं जवळपास 400 ग्रॅम उरतं, शिवाय कापलेल्या कडा. टेम्पर अजून बसलेला असेल तर हे पातळ पसरून गोठवायचं, तुकडे करायचे आणि उद्याचे 300 ग्रॅम दाणे म्हणून वापरायचे. टेम्पर सुटला असेल तर ते दाणे म्हणून चालणार नाही. ते उद्या वितळवायच्या 700 ग्रॅममध्ये जाईल. दोन डबे वेगळे, दोन्हींवर तारीख आणि मोठ्या अक्षरात एकावर 'सीड', दुसऱ्यावर 'मेल्ट'.